जिथे धूर रोजचाच आहे

गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत, अंतर्गत सजावटकारांच्या आराखड्यांत आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवून देणाऱ्या अनेक ठेकेदारांच्या दरपत्रकांतही एक मत इतक्या सहजपणे वावरताना दिसते की त्याला पुराव्याची गरज आहे असे कोणालाच वाटत नाही. ते मत असे, की आगीत आधी धूर होतो आणि उष्णता मागाहून वाढते. म्हणून धूर ओळखणारा स्मोक डिटेक्टर नेहमीच आधी सावध करतो आणि उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर नेहमीच उशिरा जागा होतो. तेव्हा शहाण्या माणसाने शयनगृहापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि दिवाणखान्यापासून तळघरातल्या वाहनतळापर्यंत सगळीकडे स्मोक डिटेक्टरच लावावा आणि हीट डिटेक्टर ही काटकसरी मालकांची पळवाट समजावी. या मताचा सारा डोलारा ‘आधी’ या एका शब्दावर उभा आहे. पण कशाच्या आधी, कोणत्या खोलीत आणि कोणत्या हवेत, हे प्रश्न त्याच्या पुरस्कर्त्यांना पडत नाहीत.

स्मोक डिटेक्टर नेमके काय पाहतो, हे आधी समजून घ्यावे लागते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाशीय प्रकारात एक काळी, आडवळणाची छोटी कोठडी असते. तिच्यात अवरक्त प्रकाशाची एक किरणशलाका सोडलेली असते आणि तो प्रकाश थेट पडणार नाही अशा कोनात एक प्रकाशग्राही घटक बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर त्या घटकापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. कोठडीत कण शिरले की ते प्रकाश विखुरतात, विखुरलेला प्रकाश त्या घटकावर पडतो आणि त्याचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की घंटा वाजते. दुसऱ्या, आता मागे पडत चाललेल्या प्रकारात अमेरिसियम 241 या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश हवेत विद्युतभारित कण निर्माण करून एक बारीकसा प्रवाह चालू ठेवतो, आणि धुराचे अतिसूक्ष्म कण त्यात शिरले की तो प्रवाह घटतो. दोन्ही प्रकारांत उपकरणाला आग दिसत नसते, जळणेही दिसत नसते. त्याला फक्त हवेतले कण दिसतात. ते कण जळत्या पडद्याचे आहेत, लसणीच्या फोडणीचे आहेत, कुकरच्या वाफेचे आहेत की पिठाच्या धुळीचे, हे सांगण्याचे साधन त्या कोठडीत नाही.

शयनगृहात या अज्ञानाने काही बिघडत नाही, कारण तिथल्या हवेत एरवी दाट कण नसतात आणि कण आले म्हणजे काहीतरी जळते आहे असे मानणे रास्त ठरते. मराठी घरातल्या स्वयंपाकघरात मात्र तापल्या तेलात मोहरी आणि सुकी मिरची पडते, तव्यावर भाकरी करपते, खोबरे आणि कांदा वाटणासाठी विस्तवावर भाजला जातो, शिट्टीसरशी वाफ छताला लागते; आणि यांतली एकही गोष्ट आग नाही. ज्या खोलीत दिवसातून दोनदा धूर होणे हेच खोलीचे काम आहे, तिथे धूर हा आगीचा पुरावा कसा ठरेल? तळघरातल्या वाहनतळात डिझेलची काजळी आणि टायरांबरोबर आलेली धूळ, बाष्पकाच्या म्हणजे बॉयलरच्या खोलीत सुरक्षा-झडपेतून सुटणारी वाफ आणि बर्नर पेटतानाचा धुराचा एखादा फुटकारा, यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. शिवाय हे कण नुसते खोटी घंटा वाजवून थांबत नाहीत. तेलकट थर आणि काजळी कोठडीच्या भिंतींवर बसते, त्या मूळ काळ्या भिंतीच प्रकाश परावर्तित करू लागतात, आणि उपकरण दर महिन्याला मर्यादेच्या थोडे अधिक जवळ सरकते, इतके की शेवटी साध्या दमट हवेनेही ते कोकलते.

यावर ठरलेले उत्तर येते, की खोट्या घंटेचा त्रास परवडला, खरी आग चुकलेली परवडत नाही. वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण ज्यांनी इमारतीतला पॅनेल, म्हणजे सगळ्या डिटेक्टरांच्या तारा जिथे येऊन मिळतात ती सूचनापेटी, प्रत्यक्ष पाहिली आहे ते ते ऐकून हसतील. खोटी घंटा वारंवार वाजली की माणसे जे करतात ते कोणत्याही शहरात ठरलेले आहे: घरातल्या बॅटरीच्या उपकरणाची बॅटरी निघते, छतावरच्या उपकरणाला प्लॅस्टिकची पिशवी बांधली जाते, आणि इमारतीत सुरक्षारक्षक पॅनेलवरचा तो विभाग बंद करून टाकतो. या तिसऱ्या उपायाचा परिणाम सर्वांत वाईट असतो. जुन्या धर्तीच्या, ज्यांना कन्व्हेन्शनल म्हणतात त्या पॅनेलमध्ये एकेका डिटेक्टरला स्वतंत्र ओळख नसते. एका तारेवरचे वीसेक डिटेक्टर मिळून एक विभाग होतो आणि बंद करायचा तर तो सगळा विभागच बंद करावा लागतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातली फोडणी त्या मजल्यावरच्या सगळ्या निजण्याच्या खोल्यांचे संरक्षण काढून घेते, आणि बंद विभागाचा पिवळा दिवा महिनोन्महिने जळत राहतो. खोटी घंटा परवडते असे म्हणणाऱ्यांनी तिची किंमत कोण भरतो याचा हिशेब एकदा मांडावा.

काहींचे म्हणणे असे, की मग स्मोक डिटेक्टरची संवेदनशीलता कमी करावी, किंवा घंटेआधी काही सेकंदांचा विलंब घालावा. या उपायातला विनोद त्यांच्या लक्षात येत नाही. ज्या लवकर कळण्यासाठी हे उपकरण निवडले, ते लवकर कळणेच सोडून द्यायचे, आणि तरीही करपलेल्या दुधाचा दाट धूर त्या नव्या मर्यादेलाही ओलांडणार, कारण विझू घातलेल्या चुलीचा धूर आणि पेटू घातलेल्या कपाटाचा धूर यांत दाटपणाचा फरक असतोच असे नाही. धूर आणि उष्णता दोन्ही एकत्र तपासणारी नवी संयुक्त उपकरणे या बाबतीत बरी आहेत, एवढे मान्य करावे लागेल. पण ती बरी का आहेत? कारण त्यांनी धुराच्या साक्षीवर विश्वास ठेवण्याआधी उष्णतेला विचारायला सुरुवात केली.

उष्णता ही साक्ष अधिक भरवशाची का, तर स्वयंपाकघर, वाहनतळ आणि बॉयलरची खोली या तिन्ही खोल्यांत उष्णता निर्माण होत असली तरी ती छताजवळ एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही, आणि ती मर्यादा मोजता येते. चार शेगड्या पेटलेल्या घरगुती स्वयंपाकघरातही छताजवळची हवा चाळिशीच्या आसपास राहते. तेलाने पेट घेतला की ती काही मिनिटांत त्याच्या कितीतरी पुढे जाते. रोजचे आणि आगीचे यांच्यात धुराच्या बाबतीत जी दरी नाही, ती उष्णतेच्या बाबतीत आहे. या दरीचा उपयोग दोन रीतींनी केला जातो.

पहिली रीत ठरलेल्या तापमानाची, जिला या व्यवसायात फिक्स्ड टेम्परेचर म्हणतात. सर्वांत साध्या उपकरणात एका विशिष्ट तापमानाला वितळणारा मिश्रधातूचा डाक असतो. तो वितळला की त्याने अडवून धरलेली कमान सुटते आणि संपर्क जुळतो. हे उपकरण एकदाच चालते, आणि म्हणून ते उष्णता देऊन तपासणारा तंत्रज्ञ ते निकामी करून जातो. दुसऱ्या प्रकारात दोन वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या धातूंची जोडपट्टी वाकते आणि थंड झाली की पुन्हा सरळ होते. आजच्या इलेक्ट्रॉनिक प्रकारात थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा घटक, हेच काम करतो. सर्वसाधारण उपयोगाचे उपकरण 57 किंवा 58 अंश सेल्सिअसला बोलते.

दुसरी रीत तापमान किती झाले हे न पाहता ते किती वेगाने वाढते आहे हे पाहते. तिला रेट ऑफ राइज म्हणतात. जुन्या यांत्रिक रचनेत हवेची एक छोटी बंद वाटी असते, तिच्या एका बाजूला पातळ पडदा आणि दुसरीकडे केसासारखे बारीक छिद्र असते. खोली हळूहळू तापली तर वाटीतली प्रसरण पावलेली हवा त्या छिद्रातून निवांत निघून जाते. ती वेगाने तापली तर छिद्राला तेवढी हवा सोडता येत नाही, दाब वाढतो, पडदा फुगतो आणि संपर्क जुळतो. अमेरिकी प्रथेत हा वेग मिनिटाला 15 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 8.3 अंश सेल्सिअस धरतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणात एक थर्मिस्टर उघडा आणि एक झाकलेला ठेवून दोघांतला फरक मोजला जातो. या रचनेला एक मूलभूत मर्यादा आहे: मिनिटाला दोन-तीन अंशांनी वाढणारी आग तिला कधीच कळणार नाही. म्हणूनच बाजारात मिळणाऱ्या बहुतेक उपकरणांत तिच्या जोडीला ठरलेल्या तापमानाचा घटकही असतो.

आता ‘उशिरा’ या आरोपाकडे वळता येईल. उशीर किती, हे सांगायला आरोप करणारे कधी थांबत नाहीत. पण युरोपीय मानक ईएन 54 च्या पाचव्या भागात ते आकड्यांत दिले आहे. सर्वांत चपळ ए1 वर्गाच्या उपकरणाला 25 अंशांपासून सुरुवात करून, हवा मिनिटाला 20 अंशांनी तापत असेल तर, 30 सेकंदांच्या आत वाजण्याची मुभा नाही आणि 2 मिनिटे 20 सेकंदांच्या पुढे न वाजण्याचीही मुभा नाही. कढईतले तेल, सांडलेले पेट्रोल आणि बर्नरच्या नळीतून गळलेले इंधन या तिन्ही खोल्यांतल्या खास आगी आहेत, आणि त्या धुमसत बसणाऱ्या नाहीत; त्या ज्वाळेनेच सुरू होतात आणि छताजवळची हवा याच वेगाने किंवा याहून वेगाने तापवतात. तासन्तास धुमसून माणसाला झोपेतच गुदमरवणारी आग गादीत आणि सोफ्यात लागते; तिच्यासाठी हीट डिटेक्टर निरुपयोगी आहे आणि तो तिथे लावावा असे कोणीही म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमाने प्रत्येक घरात दिवाणखान्यात आणि मजल्यावरच्या मार्गिकेत स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात मात्र हीट अलार्म, आणि सगळे एकमेकांना जोडलेले, असे बंधन घातले. ‘धूर आधी’ हे तत्त्व सार्वत्रिक असते तर ज्या नियमाचा हेतूच माणसांचे जीव वाचवणे हा होता, त्याने स्वयंपाकघराला त्यातून का वगळले असते? स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मार्गिकेत स्मोक डिटेक्टर आहेच. दार ओलांडून धूर तिथवर पोहोचला तर तो बोलेल, आणि रोजच्या फोडणीने मात्र सहसा बोलणार नाही. तापत्या तेलाला ज्वाळा लागण्यापूर्वी बराच वेळ धूर निघतो, हे खरे, आणि तेवढा वेळ हीट डिटेक्टर गप्प राहतो, हेही खरे. पण तो धूर आणि रोजच्या पुऱ्यांचा धूर एकच असल्यामुळे स्मोक डिटेक्टरची त्या वेळची घंटा कोणी ऐकून घेत नाही. आणि गॅस गळतीच्या भीतीने स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लावणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की गळणारा गॅस ना धूर आहे ना उष्णता; त्याला वेगळाच डिटेक्टर लागतो.

हीट डिटेक्टर मान्य करणाऱ्यांतही एक आळशी गट आहे, आणि त्याची चूक विरोधकांच्या हातात आयते कोलीत देते. या गटाच्या मते हीट डिटेक्टर म्हणजे हीट डिटेक्टर. दुकानातून 57 अंशांचा, वेगाचा घटकही असलेला प्रकार आणावा आणि तिन्ही ठिकाणी लावून मोकळे व्हावे. एका मध्यम हॉटेलचे तळघर डोळ्यांपुढे आणले तर हे का चालत नाही ते दिसते.

समजा तळघरात वाहनतळ आहे, शेजारी मोठे स्वयंपाकघर आहे आणि कपडे धुण्याच्या वाफेसाठी बॉयलरची खोली आहे. बॉयलरच्या खोलीत छताजवळची हवा एरवी 50 अंश असते आणि बर्नर जोरात चालू असताना 62 पर्यंत जाते. 57 अंशांचे उपकरण इथे पहिल्याच दिवशी वाजेल. अमेरिकी संहितेचा नियम असा, की उपकरणाचे तापमान छताजवळच्या अपेक्षित कमाल तापमानापेक्षा किमान 11 अंशांनी वर हवे. म्हणजे 73 च्या खालचे काहीही बाद, आणि बाजारात सहज मिळणारे पुढचे 88 ते 90 अंशांचे उपकरण योग्य. पण तेवढ्याने भागत नाही. बर्नर पेटताना किंवा वाफेची झडप सुटताना छताजवळची हवा मिनिटाला 10 अंशांनी चढत असेल, तर त्या 88 अंशांच्या उपकरणातली वेग मोजणारी वाटी तापमान 60 असतानाच घंटा वाजवील. म्हणून इथे वेगाचा घटक मुळीच नको. युरोपीय मानकात यासाठी वर्गाच्या नावापुढे ‘एस’ लागते, आणि त्याचा अर्थ असा की तापमान कितीही वेगाने वाढो, ठरलेल्या किमान मर्यादेखाली हे उपकरण बोलणार नाही.

स्वयंपाकघरातही भट्टीचे दार उघडले किंवा मोदकांच्या मोठ्या पातेल्याचे झाकण काढले की छताखाली गरम लोट जातो. तिथेही ठरलेल्या तापमानाचाच प्रकार बरा, आणि तो थेट शेगडीच्या डोक्यावर न लावता थोडा बाजूला, छतापासून फार खाली लोंबणार नाही असा. घरगुती स्वयंपाकघराला 58 अंश पुरतात. हॉटेलच्या भट्टीजवळ छताचे तापमान मोजूनच आकडा ठरवावा लागतो.

वाहनतळ मात्र वेगाच्या घटकाचे खरे घर आहे. तिथली हवा दिवसभर संथपणे बदलते, आणि गाडीने पेट घेतला की एकदम उसळते. थंड प्रदेशातल्या न तापवलेल्या गॅरेजात हा फरक सर्वांत ठळक दिसतो: 5 अंशांपासून मिनिटाला 15 अंशांनी चढणाऱ्या हवेला 57 गाठायला जवळजवळ साडेतीन मिनिटे लागतात, आणि उपकरणाचा घटक स्वतः तापायला वेळ लागतो तो निराळाच; वेग मोजणारा घटक तेवढ्या वेळाची वाट पाहत नाही. विदर्भातल्या पत्र्याच्या गॅरेजात हिशेब उलटा होतो. सकाळच्या 27 अंशांपासून दुपारी पत्र्याखाली 57 पर्यंतची चढण सहा तासांत झाली तर ती मिनिटाला एका अंशाच्या दहाव्या भागाएवढीही नसते, वेगाच्या घटकाला तिचे काहीच वाटत नाही. पण त्याच उपकरणातला 57 अंशांचा जोडघटक मे महिन्यात उन्हानेच वाजतो, आणि मग ‘हीट डिटेक्टरही खोटे बोलतात’ असा निष्कर्ष निघतो. खोटे उपकरण बोललेले नसते; त्याचा आकडा निवडणाऱ्याने छत पाहिलेले नसते. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगच्या जागेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण बिघडलेली बॅटरी पेटण्याआधी वाफेसारखा वायू सोडते. पण त्या एका कोपऱ्यासाठी सगळ्या वाहनतळाला काजळी मोजायला लावण्याचे कारण नाही.

देखभालीतही हीट डिटेक्टरचे दोष ओळखता येण्याजोगे आहेत. रंगारी छताबरोबर डिटेक्टरही रंगवून जातो, हा आपल्याकडचा नित्याचा अपघात. रंगाने वाटीचे छिद्र बुजले तर संथ तापणेही तिला वेगवान वाटते आणि ऐन उन्हाळ्यात विनाकारण घंटा वाजते. उलट पडद्याला चीर गेली तर दाब साठतच नाही आणि वेगाचा घटक मुका होतो, जे केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्योत धरून तपासू नये, आणि वितळणाऱ्या डाकाच्या उपकरणावर गरम हवाही धरू नये. फार उंच छताखाली, साधारण नऊ मीटरांच्या वर, उष्णतेचा लोट वाटेतच निवतो; तिथे हीट डिटेक्टरचा आग्रह धरणे चूकच.

‘लवकर’चा जयघोष करणाऱ्यांनी शेवटी तुलना कोणाशी कोणाची आहे ते सांगावे. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते लिहिताना छतावरचे डिटेक्टर मोजले जातात आणि संख्या बरोबर भरते; पॅनेलवरचा पिवळा दिवा मात्र त्या संख्येत येत नाही. अशा इमारतीत आग लागली तर स्पर्धा 30 सेकंदांत बोलणारा स्मोक डिटेक्टर आणि दोन मिनिटांत बोलणारा हीट डिटेक्टर यांच्यात होत नाही. ती दोन मिनिटांत बोलणारा हीट डिटेक्टर आणि गेल्या दिवाळीच्या फराळापासून बंद करून ठेवलेला स्मोक डिटेक्टर यांच्यात होते. आणि त्या दुसऱ्याला ‘लवकर’ म्हणायचे असेल, तर म्हणणाऱ्याने आधी पॅनेलपर्यंत जाऊन तो विभाग चालू करावा, आणि त्याच मजल्यावर कोणीतरी मिरचीची फोडणी देईपर्यंत तिथेच उभे राहावे.